शेवटच्या माणसाच्या ताटात डाळ का उरत नाही

प्रश्न: चिंचवडमध्ये आमचं 80 खुर्च्यांचं व्हेज-नॉनव्हेज रेस्टॉरंट आहे, मी तिथे मॅनेजर आहे. एकूण 26 जणांचा स्टाफ. 18 जण ब्रेक शिफ्टला (सकाळी 10 ते 3.30 आणि संध्याकाळी 6.30 ते 11.30), चौघं सकाळी 8 ते 4, चौघं दुपारी 3 ते रात्री 12. स्टाफचं जेवण सकाळीच एकदा बनतं. दुपारची बॅच पावणेचारला जेवते, रात्रीची पावणेबाराला. रात्रीवाले म्हणतात, आम्हाला पाण्यासारखी डाळ आणि गार भात मिळतो, चिकन असेल त्या दिवशी नुसता रस्सा. भांडी धुणारी पोरं तर दोन्ही वेळेला शेवटी जेवतात. गेल्या महिन्यात यावरून किचन आणि सर्व्हिसमध्ये हाणामारी व्हायची बाकी होती. दुसरीकडे अकाउंटंट स्टाफ जेवणाचा खर्च महिन्याला 72,000 दाखवतो आणि मालक म्हणतात, पगारातून डोक्यामागे हजार रुपये कापा. जेवण सुधारावं की खर्च कमी करावा, दोन्ही एकदम कसं जमेल?

उत्तर: दोन्ही एकदमच होईल, कारण तुमच्याकडे पैसे जाताहेत एकीकडे आणि भांडण होतंय दुसरीकडे. आधी 72,000 च्या आकड्याकडे बघू.

तुमच्या 26 जणांत रोज सरासरी चार जण साप्ताहिक सुट्टीवर असतात, म्हणजे हजर 22. रात्री 12 वाजता सुटणारे चौघं दुपारच्या जेवणाला नसतात, सकाळचे चौघं रात्रीच्या जेवणाला नसतात. सुट्ट्या वजा करून प्रत्येक वेळेला साधारण 19 ताटं होतात. दिवसाला 38, महिन्याला 1,140. 72,000 ला 1,140 ने भागलं तर ताट 63 रुपयांना पडतं. पाणीदार डाळ आणि गार भात 63 रुपयांत पडत असेल तर त्या खात्यात दुसरंच काहीतरी बसलंय हे नक्की.

बहुतेक ठिकाणी महिनाअखेरीला स्टॉक मोजताना जो फरक निघतो, खराब झालेलं पनीर, करपलेली ग्रेव्ही, बिलात न लागलेली चार बटर चिकन, तो सगळा ‘स्टाफ फूड’मध्ये टाकून हिशोब जुळवला जातो. त्याबद्दल कोणी जाब विचारत नाही, म्हणून ते खातं सोयीचं. हे थांबवायचं तर स्टाफच्या जेवणाचं सामान स्टोअरमधून वेगळ्या इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या वेगळ्या चिठ्ठीवर, निघालं पाहिजे. सकाळी 8 वाजता त्या दिवशी कोण हजर असणार ते बघून माणसं मोजायची, त्या संख्येने सामान तोलून द्यायचं, वहीत लिहायचं. स्टाफच्या नावावर निघालेलं सोडून बाकी कुठलाही फरक या खात्यात टाकायचा नाही. खराब झालेल्या मालाला ‘वेस्टेज’ असं स्वतंत्र पान ठेवा.

आता एका ताटाचं वजन आणि किंमत. खालचे भाव हिशोबापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला. कच्चं सामान असं: तांदूळ 95 ग्रॅम, कणीक 90 ग्रॅम, तूरडाळ 45 ग्रॅम, भाजी निवडून-चिरून 150 ग्रॅम, तेल 18 ग्रॅम. तांदूळ 55 रुपये किलो, कणीक 40, डाळ 130, भाजी सरासरी 45 आणि तेल 145 धरलं तर एवढ्याचे साधारण 24 रुपये होतात. कांदा-टोमॅटो-आलं-लसूण आणि मसाल्याचे 4, ताक किंवा कांदा-लिंबाचे 3, गॅसचे 3. ताट 34 रुपयांच्या आसपास येतं. भाजीऐवजी दोन अंडी असतील त्या दिवशी 41-42, आणि 120 ग्रॅम चिकन असेल त्या दिवशी, डाळ आणि भाजी दोन्ही वगळून, 50 च्या घरात. आठवड्यात साधी ताटं जास्त, अंडी दोनेक वेळा आणि चिकन एकदा धरलं तर सरासरी 37 बसते. 1,140 ताटांचे 42,000.

यात चहा नाही, आणि चहा लोक धरतच नाहीत. 50 मिली दूध, साखर, पावडर आणि गॅस मिळून कप 5 रुपयांना पडतो. 22 जणांना दोनदा म्हणजे महिन्याला 6,600. सकाळच्या चौघांचे पोहे आणि रात्री बंद करणाऱ्यांची खिचडी (तिच्याबद्दल पुढे) यांचे 4,800, दुपारच्या फुटाण्यांचे 2,600. सगळं धरून 56,000. म्हणजे व्यवस्थित, पोटभर खाऊ घालूनही तुमच्या आजच्या आकड्यात 16,000 उरतात, आणि ते स्टाफने खाल्लेले नाहीत. मालकांना हा कागद दाखवा. त्यात वाटाघाटीचा मुद्दाच येत नाही, हा नुसता भागाकार आहे.

आता डाळ. 19 जणांना 45 ग्रॅमने 855 ग्रॅम तूरडाळ लागते. ती शिजवून, घोटून, फोडणी देऊन 4 लिटर आमटी झाली की प्रत्येकाला 200 मिली, म्हणजे 100 मिलीचे दोन डाव मिळतात, आणि प्रत्येकाच्या वाटीत 45 ग्रॅम डाळ असते. तुमच्याकडे काय होतंय? डाळ दोन वेळेची एकदम चढते, दुपारची बॅच हात सैल सोडून वाढून घेते, आणि रात्री उरलेल्यात गरम पाणी ओतून संख्या भागवली जाते. त्याच 4 लिटरची 6 लिटर केली की 200 मिलीत 28 ग्रॅम डाळ राहते. वाटी दिसायला तेवढीच भरलेली असते, म्हणून वाढणाऱ्याला वाटतं आपण सगळ्यांना सारखं दिलं. खाणाऱ्याला मात्र फरक कळतो: त्याचं पोट भरत नाही आणि तो तंदूरच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या रोटी मोडतो.

पोषणाचं म्हणाल तर त्याची गाठही इथेच आहे. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2,710 किलोकॅलरी आणि 54 ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. स्त्रीला 2,130 आणि 46 च्या आसपास. वरचं ताट हजार-एक कॅलरीचं आहे आणि त्यात भात, पोळी, डाळ मिळून 27-28 ग्रॅम प्रथिनं येतात. दोन ताटांत दिवसाचं भागतं, वर चहा-नाश्त्याने उरलेल्या कॅलरी भरतात. पण हे सगळं डाळ 45 ग्रॅम असेल तरच. ती 20 वर आली की ताट नुसतं भात आणि बटाट्याचं होतं. म्हणून स्टाफ मेन्यूमध्ये एकच गोष्ट सांभाळायची असेल तर कोरड्या डाळीचं, कडधान्याचं वजन सांभाळा. भाजी बदलली, एखाद दिवस कमी पडली, तर बिघडत नाही.

पातळ होण्यावर साधा इलाज असा: आमटीच्या पातेल्यात लाकडी पट्टी उभी धरून 4 लिटरची खूण एकदा करून ठेवा. खुणेच्या वर पाणी गेलं की ते कोणालाही दिसतं. वाढायला 100 मिलीचाच डाव ठेवा, रस्सा वाढायची मोठी पळी त्या टेबलावर येऊ देऊ नका.

वेळ बदला, निम्मं भांडण तिथेच संपतं

तुमच्याकडे लोक सर्व्हिस संपल्यावर जेवतात. त्यामुळे जेवण वाट बघत पडून राहतं, आणि सगळ्यात शेवटी मोकळा होणारा माणूस सगळ्यात वाईट खातो. भांडी धुणारा कायमच शेवटी मोकळा होतो, कारण सर्व्हिस संपली की त्याची मोरी भरते. त्याला कोणी मुद्दाम मागे ठेवत नसेल. तुमची वेळच त्याला मागे ठेवते.

म्हणून दोन्ही जेवणं सर्व्हिसच्या आधी घ्या: सकाळी 10.50 ते 11.40 आणि संध्याकाळी 5.50 ते 6.40. त्या वेळेला मोरी रिकामी असते, सगळे एकाच ताज्या पातेल्यातून खातात, आणि पाहुण्यांच्या पॅनमधून ‘चव बघण्याचं’ प्रमाण आपोआप उतरतं. भरल्या पोटाचा कुक ग्रेव्ही चाखतो, उपाशी कुक ती खातो.

प्रत्येक वेळेला दोन बॅच करा, पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या. पहिल्या बॅचला सर्व्हिस आणि मोरी, दुसऱ्या बॅचला किचन. उलटं करू नका. सकाळी अकराच्या सुमाराला किचनची चिराचिरी आणि ग्रेव्ही शेवटच्या टप्प्यात असते, तर टेबलं लावून सर्व्हिस मोकळी झालेली असते. अकरापासून पार्सलच्या ऑर्डरी सुरू होत असतील तर प्रत्येक बॅचमधून एकजण काउंटरवर राहील आणि तो दुसऱ्या बॅचबरोबर जेवेल. हे नाव रोज बदलायचं.

संध्याकाळसाठी ब्रेक शिफ्टला साडेसहाऐवजी पावणेसहाला बोलवावं लागेल, आणि इथे ते तुमच्यावर भडकतील. पण आज ते साडेतीनला मोकळे होऊन पावणेचारला जेवायला बसतात आणि सव्वाचारच्या आधी निघू शकत नाहीत. नव्या वेळेत जेवण आधीच झालेलं असल्याने साडेतीनला थेट बाहेर पडतात. आजची विश्रांती सव्वाचार ते साडेसहा, सव्वादोन तास. नवी साडेतीन ते पावणेसहा, तीही सव्वादोन तास. त्यांचा एक मिनिटही जात नाही हे असं मांडून दाखवा, आणि साडेतीनची वेळ खरोखर पाळा. एकदा का ‘जरा थांब, एक टेबल आहे’ सुरू झालं की ही सगळी मांडणी कोसळते. आणि हो, जेवणाची पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीस मिनिटं. विश्रांतीचा वेळ देणं कायद्यानेही बंधनकारक आहे. घास हातात असताना कॅप्टनने हाक मारायची नाही.

अकरा ते सहा हे अंतर सात तासांचं आहे. मध्ये काही दिलं नाही तर साडेचारला लोक वडापाव आणायला धावतील. म्हणून साडेतीनला सुटताना चहा आणि 30 ग्रॅम फुटाणे, म्हणजे एक लहान वाटी. चार रुपयांत पाच-सहा ग्रॅम प्रथिनं येतात. फुटाण्यांचा कंटाळा आला की शेंगदाणे किंवा केळं.

रात्रीचा प्रश्न उरतो. बंद करायला थांबणारे सात-आठ जण, त्यात रात्रीपाळीचे चौघंही आले, सहाला जेवलेले असतात. त्यांच्यासाठी साडेअकराला मूगडाळीची खिचडी: माणशी 50 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम मूगडाळ, कुकरला वीस मिनिटं. ही ताजी लावायची. दुपारचा भात रात्रीसाठी ठेवायचा नाही. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन् तास कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करून जात नाही. सकाळी अकराचा भात रात्री पावणेबाराला फोडणी देऊन वाढणं म्हणजे नेमकं हेच. रात्रीच्या पाळीतली पोरं अधूनमधून ‘पोट बिघडलं’ म्हणून दांडी मारत असतील तर आधी इकडे बघा.

कोण बनवणार, कशावर बनवणार

‘सकाळी बर्नर मोकळा नसतो’ ही हरकत येईलच, आणि ती खरीही आहे. मोठ्या बर्नरवर दहा वाजता बेस ग्रेव्ही चढते, ती दुपारपर्यंत उतरत नाही. म्हणून क्रम असा लावा: सकाळी आठला येणाऱ्यांपैकी एकजण स्टाफ कुक. तो 8.30 ला डाळ भिजवतो, 9 ला कुकर लावतो, 9.30 ला त्याच बर्नरवर भात. दहाला ग्रेव्ही चढेपर्यंत मोठा बर्नर मोकळा करून तो भाजी बाजूच्या लहान बर्नरवर घेतो. 19 जणांची भाजी, 2.85 किलो चिरलेली, मोठ्या कढईत 25 मिनिटांत होते. 10.45 ला सगळं टेबलावर. संध्याकाळचं जेवण दुपारी तीनला येणाऱ्यांपैकी एकजण साडेचारपासून करतो. तेव्हा किचन रिकामंच असतं.

सकाळ-संध्याकाळचा स्टाफ कुक ब्रेक शिफ्टमधला नसेल एवढं बघा. नसता त्याची विश्रांती त्यात जाईल. आणि हे काम नव्या पोरावर कायमचं टाकू नका, आठवड्याने माणूस बदला. शेफने रोज चाखायचं. आपल्यालाही तेच खायचंय म्हटल्यावर मीठ बरोबर पडतं.

पोळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ जातो. 19 जणांना चार-चार पोळ्या म्हणजे 76, एका माणसाचा तास-सव्वातास. त्यापेक्षा दुपारी भात जास्त ठेवा, 130 ग्रॅम तांदूळ आणि दोनच पोळ्या. संध्याकाळी तंदूर पाचला पेटवा आणि पावणेसहापासून गव्हाच्या रोट्या काढा, 60 ग्रॅम कणकेच्या, माणशी दोन, भात 60 ग्रॅम तांदळाचा. तंदूरची पहिली फेरी अशीही वाया जाते, भिंत नीट तापली की नाही ते त्यात कळतं. तुमच्या स्टाफमध्ये बंगाल, ओडिशा, झारखंड किंवा नेपाळची मुलं असतील तर त्यांना रोटीपेक्षा भातच हवा असेल. हजेरी घेतानाच विचारा: भातवाला की रोटीवाला? एक रोटी कमी, 60 ग्रॅम तांदूळ जास्त, किंमत जवळपास तीच. तांदूळ त्या बेरजेने तोला.

आठ दिवसांचा मेन्यू, सात दिवसांचा नाही

ही गोष्ट सहसा सुटते. मेन्यू सात दिवसांचा आणि चिकन दर बुधवारी असं ठरलं, की ज्याची साप्ताहिक सुट्टी बुधवारी, त्याला वर्षभर चिकन मिळत नाही. तो तक्रार करतो तेव्हा ‘सगळ्यांना सारखंच आहे’ असं उत्तर मिळतं, आणि ते कागदावर खरंही असतं. चक्र आठ दिवसांचं ठेवा. चिकन या वेळी बुधवारी, पुढच्या वेळी गुरुवारी, त्यानंतर शुक्रवारी सरकत जाईल आणि प्रत्येकाची सुट्टी कधी ना कधी त्यात सापडेल, पण कायम नाही. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी असे उपास धरणाऱ्यांनाही यातून न्याय मिळतो.

आठ दिवसांत 16 जेवणं. त्यातली अकरा साधी: वरण किंवा आमटी, भाजी, भात, पोळी. यातल्या तीन-चार वेळा तूरडाळीऐवजी कडधान्याची उसळ घ्या, मटकी, चवळी, हरभरा, माणशी 50 ग्रॅम कोरडं. अंड्यांना तीन जेवणं, एकदा सोयाबीन वडी. वडी स्वस्त आहे, 30 ग्रॅम कोरडीत 15 ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीन रुपये, पण स्टाफ तिच्यावर नाक मुरडतो, कारण ती बहुतेक ठिकाणी नुसती उकळून रश्शात टाकलेली असते. गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून, घट्ट पिळून, पुन्हा साध्या पाण्यात बुडवून दुसऱ्यांदा पिळली की वास जातो. मग दही-मसाला लावून सुकी परतायची. तरी आठवड्यात एकापेक्षा जास्त वेळा नको.

राहिलं चिकन. ते दिवसातून दोन्ही वेळेला बनवा, पण प्रत्येकाचं नाव एकदाच. सकाळपाळीचे दुपारी खातात, रात्रपाळीचे संध्याकाळी, ब्रेकवाले दोन्हीपैकी एक वेळ आदल्या दिवशी सांगतात, दुसऱ्या वेळेला त्यांना साधं ताट. 22 जणांचे 120 ग्रॅमने 2.64 किलो. कच्चं असतानाच 40 ग्रॅमचे तुकडे करून घ्या, 66 होतात, माणशी तीन. मग तुकडे मोजूनच दोन डब्यांत विभागा: दुपारचे एकात, संध्याकाळचे दुसऱ्यात, दुसरा डबा मसाला लावून फ्रिजमध्ये, वर तारीख आणि संख्या लिहून. शिजल्यावर वाटणी करायला गेलात की पाय आणि छातीवरून पुन्हा तेच. कच्च्यात वाटलेलं मात्र कोणी उकरत नाही. शाकाहारींना त्या दिवशी 60 ग्रॅम पनीर, अंड्याच्या दिवशी हरभरा उसळ. त्यांना नुसती बटाट्याची भाजी देऊन ‘तुमचं काय, तुम्ही खात नाही’ असं करू नका.

रमजानमध्ये वेगळी मांडणी लागते. रोजा धरणाऱ्यांचं संध्याकाळचं ताट झाकून ठेवा आणि सूर्यास्ताच्या वेळी त्यांना पंधरा मिनिटं सोडा. ती वेळ नेमकी सर्व्हिस सुरू होण्याच्या आसपास येते, म्हणून त्यांच्या जागी कोण उभं राहील याची यादी महिना सुरू होण्याआधीच लावा. दुपारचं जेवण ते घेत नाहीत, त्या पैशात सहरीसाठी रात्री निघताना केळी, अंडी, पाव बांधून द्या.

स्वस्तात पडतं असं वाटतं, पण पडत नाही

उरलेली मखनी किंवा व्हाइट ग्रेव्ही स्टाफच्या भाजीत घालणं हा लाडका उपाय आहे. त्यात काजू, मगज, लोणी असतं, म्हणजे भाजी पाहुण्यांच्या भावाची होते, आणि रोज खाणाऱ्याला ॲसिडिटी. ग्रेव्ही रोज उरत असेल तर ती कमी बनवा. चिरताना निघणारं मात्र जरूर वापरा: फ्लॉवरचे कोवळे दांडे, कोथिंबिरीच्या काड्या, मश्रूमचे देठ, तंदुरीसाठी कोंबडी सोलल्यावर उरलेल्या माना आणि हाडं (यांचा रस्सा चिकनच्या दिवशी उत्तम होतो). टेबलावरून परत आलेलं काहीही नाही. आणि आंबट वास येणारं पनीर पाहुण्याला चालत नसेल तर स्टाफलाही चालत नाही.

फ्रायरचं काळं झालेलं तेल स्टाफच्या फोडणीला वापरण्याची सवयही बंद करा. तळणाच्या तेलात पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय घटकांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते टाकायचं, हा एफएसएसएआयचा 2018 पासूनचा नियम आहे, आणि फोडणीत घातल्याने ते तेल चांगलं होत नाही. माणशी 18 ग्रॅम ताज्या तेलाचे अडीच रुपयेच होतात.

भट्टीजवळच्या माणसाचा दिवसभर घाम जातो. त्याच्यासाठी ताकात मीठ-जिरं घाला. एक किलो दह्याचं चार लिटर ताक होतं, 19 ग्लास निघतात.

नवी व्यवस्था चालते की नाही हे बघायला एक बादली पुरे. ताटं धुण्याआधी उष्टं त्या बादलीत टाका आणि जेवणानंतर तोला. 19 ताटांत किलोभर ठीक. सलग दोन दिवस दीड-दोन किलो निघालं तर पदार्थ नकोसा आहे किंवा वाढप जास्त आहे. कुठला पदार्थ पडलाय ते बादलीतच दिसतं. उष्टं फारच कमी आणि तरीही रात्री दहाला रोट्या गायब होत असतील तर ताट लहान पडतंय, त्या वेळेचा तांदूळ माणशी 20 ग्रॅमने वाढवून आठवडाभर बघा.

हे सगळं एकाच सोमवारी सुरू करू नका. पहिले दहा दिवस फक्त वेगळा इंडेंट आणि तोलणं, बाकी आहे तसं. त्यातून तुमचे खरे आकडे मिळतील. मग वेळ बदला, कारण तक्रारींचं मूळ तिथे आहे. मेन्यूचं चक्र शेवटी.

आणि पगारातून हजार रुपये कापण्याबद्दल: 26 जणांचे 26,000 होतात, मालकांना ते मोठे वाटणं साहजिक आहे. पण जेवणाचे पैसे घेतले की प्रत्येक जण हिशोब मागणार. सुट्टीचे दिवस वजा करा, उपासाचे वजा करा, मला भात नको होता त्याचं काय. शिवाय वेतनातून अशी कपात कुठे चालते आणि किमान वेतनाच्या खाली रक्कम जाते का, हा कायद्याचा प्रश्न आहे. तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही कापू नका. दहा दिवसांची वही तयार झाली की ती घेऊन मालकांसमोर बसा, आणि ते 16,000 कुठल्या पानावर जायला हवेत ते आधी शोधा. बहुतेक तुमच्या ग्रेव्हीच्या आणि पनीरच्या पानावर सापडतील.